एक गळू आणि चार औषधं

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाइकांची एक मागणी हमखास ऐकू येते: "डॉक्टर, जरा हाय पॉवरचं अँटिबायोटिक द्या." व्हँकोमायसिन, लिनेझोलिड, क्लिंडामायसिन आणि मेट्रोनिडॅझोल ही चार औषधं मात्र पॉवरच्या उतरंडीत बसवता येत नाहीत. जिवाणूच्या शरीरात औषध नेमकं कुठे घाव घालतं आणि रुग्णाच्या शरीरात कुठवर पोचतं, यावर त्यांची निवड ठरते.

समजा, पन्नाशीच्या एका मधुमेही गृहस्थांच्या मांडीवर मोठं गळू झालं आहे आणि अंगात ताप आहे. सर्जननी चीर देऊन पू काढला, कारण साचलेल्या पुवात कोणतंच औषध धड काम करत नाही. पुवाचा नमुना कल्चरला गेला आणि तिसऱ्या दिवशी अहवाल आला: एमआरएसए. हा स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनच्या कुटुंबातल्या बहुतेक औषधांना दाद देत नाही. ती औषधं ज्या प्रथिनाला चिकटतात, त्याच्या जोडीला यानं न चिकटणारं दुसरंच प्रथिन मिळवलेलं असतं.

अहवालात क्लिंडामायसिनपुढे सुरुवातीला 'संवेदनशील' असं आलं होतं, एरिथ्रोमायसिनपुढे 'प्रतिरोधक'. ही जोडी दिसली की जाणकार सूक्ष्मजीवतज्ज्ञ सावध होतो. तो जिवाणू पसरलेल्या बशीवर या दोन औषधांच्या चकत्या एकमेकींपासून १५ ते २६ मिलिमीटरवर ठेवतो. क्लिंडामायसिनभोवतीचं मोकळं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूनं चपटं झालं, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखं दिसलं, तर औषध बाद. दोन्ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, जवळजवळ एकाच जागी बसतात. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागताच हा जिवाणू एक विकर तयार करतो आणि त्या जागेत रासायनिक बदल करून टाकतो. मग क्लिंडामायसिनलाही तिथे थारा मिळत नाही. साध्या तपासणीत हे लपून राहतं आणि उपचार सुरू असताना अंगाशी येतं. या गृहस्थांच्या बशीवर डी उमटला.

ताप आणि घसरता रक्तदाब पाहून त्यांना शिरेतून व्हँकोमायसिन सुरू झालं. बोर्निओच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध १९५८ मध्ये अमेरिकेत वापरात आलं. जिवाणूची भिंत ज्या कच्च्या घटकांतून उभी राहते, त्यांच्या टोकाला ते घट्ट धरून ठेवतं आणि भिंत अपुरी राहते. रेणू अवाढव्य असल्यानं ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यातून तो आत शिरतच नाही. एक ग्रॅमची मात्रा किमान तासभर सावकाश सोडावी लागते. घाई केली तर चेहरा आणि मान लालबुंद होऊन खाज सुटते, आणि ते पाहून लोक ॲलर्जी समजतात. मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून रक्तातली पातळीही मोजावी लागते.

चार दिवसांत ताप उतरला. आता घरी जाताना काय द्यायचं? व्हँकोमायसिनची गोळी घेतली तर ती आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाही. लिनेझोलिडची गोळी मात्र जवळजवळ पूर्ण शोषली जाते. दर बारा तासांनी ६०० मिलिग्रॅमची गोळी घेतली की शिरेतल्या औषधाइतकंच काम होतं. तेही रायबोसोमवरच बसतं, पण प्रथिन बनायला सुरुवात होण्यापूर्वीच काम अडवतं, आणि डी उमटवणाऱ्या विकराचा त्याच्यावर परिणाम होत नाही. दोन आठवड्यांच्या पुढे प्लेटलेट घटू लागण्याची भीती असते, म्हणून दर आठवड्याला रक्ततपासणी. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचंही ठरतं.

मेट्रोनिडॅझोल या अहवालात कुठेच नव्हतं आणि ते योग्यच होतं. हे औषध मुळात निष्क्रिय असतं. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंच्या आतली रसायनं त्याला जागं करतात, आणि मग ते जिवाणूच्या डीएनएचे तुकडे पाडतं. स्टॅफिलोकॉकसमध्ये ही सोय नाही. तेच गळू गुदद्वाराजवळ असतं आणि पुवाला घाण वास येत असता, तर सर्जननी मेट्रोनिडॅझोलच आधी आठवलं असतं. क्लिंडामायसिनही विनावायू जिवाणूंवर चालतं, पण आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्सच्या बाबतीत त्यावर आता भरवसा टाकता येत नाही. त्याचा खरा मान वेगळाच आहे: मांस कुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला ते दिलं की जिवाणूचं विष बनणं थांबतं.

क्लिंडामायसिनची एक किंमतही आहे. ते आतड्यातले नेहमीचे रहिवासी मारतं आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल माजतो. औषध सुरू असताना किंवा थांबवल्यावर काही आठवड्यांनीही पाण्यासारखे जुलाब लागू शकतात. या आजारावर वर्षानुवर्षं मेट्रोनिडॅझोलच पहिलं औषध होतं, पण अलीकडच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्याला मागे सारलं आहे. आता फिडॅक्सोमायसिन किंवा व्हँकोमायसिन देतात, आणि व्हँकोमायसिन इथे तोंडानंच, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा. शिरेतून दिलं तर ते आतड्याच्या पोकळीत पोचत नाही.