साका निघाला, तर कॅमेरा सुरू करा

मोसम ऐन भरात असताना थेट ग्राहकाला हापूस विकणाऱ्या बागायतदाराच्या व्हॉट्सॲपवर कापलेल्या आंब्याचा फोटो येतो. साल पिवळीधम्मक, पण आत पांढरट, स्पंजासारखा गर. खाली एकच ओळ : ‘हाच का तुमचा हापूस?’ बहुतेक जण माफी मागतात, बदली फळ पाठवतात आणि विषय मिटवतात. खरं तर पुढच्या व्हिडिओचा विषय ग्राहकानेच हातात दिलेला असतो.

हा दोष म्हणजे साका. तो किडीमुळे होत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. फळ झाडावर जास्त पक्व झालं किंवा काढल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं, तर साक्याचं प्रमाण वाढतं. म्हणून तक्रारीला उत्तर म्हणून माफीचं भाषण नको, दोष जिथे टाळता येतो ती कामं दाखवा.

मिनिटभराचा व्हिडिओ पुरेसा आहे. सुरुवातीलाच साका असलेलं फळ कॅमेऱ्यासमोर कापा आणि ‘हे आमच्याच बागेतलं’ असं सांगा. मग तोडणी दाखवा : दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने देठासह उतरवलेला आंबा, तो थेट सावलीत नेणारे हात. त्यानंतर पाण्याचं टब. कोवळं फळ तरंगतं, तयार फळ बुडतं. तरंगणारी फळं बाजूला काढताना दिसू द्या. पण ही चाचणी तयारी सांगते, साका नाही, हेही त्याच दमात बोला. शेवटी नियम सांगा : साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत. व्हिडिओचा कणा हे शेवटचं वाक्य आहे, कारण मर्यादा कबूल केल्यावरच आधीची काळजी खरी वाटते.

चुका ठरलेल्या असतात. ग्राहकाचं नाव किंवा नंबर दिसणारा स्क्रीनशॉट टाकला की पुढचा माणूस तक्रार करायला कचरतो. ‘आमच्याकडे साका निघतच नाही’ हा दावा पहिल्याच फोटोने खोटा पडतो. आणि सगळ्यात महाग पडते ती फक्त चित्रीकरणापुरती केलेली चाचणी. रोज टब भरला जात नसेल, तर तो दाखवूच नका.

व्हिडिओ जमला की नाही, हे लाइकवरून कळत नाही. पुढच्या फोटोखालची ओळ बघा. ‘फसवलंत’ऐवजी ‘एकात साका निघाला, पैसे कसे मिळतील?’ असं कोणी लिहिलं, तर काम झालं. दोष तोच असला, तरी संशय गेलेला असतो. म्हणून या मोसमातल्या तक्रारी पुसू नका. त्यातली सर्वांत जास्त वेळा आलेली एक निवडा आणि आधी तिच्यावरच व्हिडिओ करा.