पाकिटावरचे ‘८ टक्के’ कोणाचे?

समजा, कामठीतल्या एका रक्तदाबाच्या रुग्णाने चिवड्याच्या पाकिटावरील तक्त्याचा फोटो मुलीला पाठवला. ‘सोडियम ८ टक्केच आहे, खाऊ ना?’ तिने आधी फोटोतील ‘सर्व्हिंग साइज’ची ओळ शोधली. तिथे २० ग्रॅम लिहिले होते. ८ टक्के होते ते या दोन-तीन चमचे चिवड्याचे.

शेजारच्या रकान्यात १०० ग्रॅममागे सोडियम ८०० मिलिग्रॅम होते. वडील चहासोबत निम्मे पाकीट, म्हणजे १०० ग्रॅम संपवतात. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम. म्हणजे एका बैठकीतच ४० टक्के. सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते: ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. भाजी, लोणचे, पापड यांतले मीठ वेगळेच.

साखरेच्या ओळी दोन असतात. ‘टोटल शुगर’मध्ये मनुकांचा गोडवाही मोजला जातो, ‘अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली. तक्त्यातील टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम अ‍ॅडेड शुगर धरून काढतात. ही मर्यादा निरोगी प्रौढासाठी आहे, मधुमेहींसाठी नव्हे.

फोटो काढताना सर्व्हिंगची ओळ आणि पाकिटाचे वजन कापले जाऊ नये. त्याशिवाय टक्केवारी वाचून उपयोग नाही.