नेम बरोबर, तरी गोळी वाया

काउंटर-स्ट्राइकसारख्या ऑनलाइन गेममध्ये गोळी लागली की नाही, हे खेळाडूचा कॉम्प्युटर ठरवत नाही, सर्व्हर ठरवतो. कॉम्प्युटरच्या शब्दावर विसंबले, तर गेममध्ये फेरफार करणारा कुणीही ‘लागली’ असे कळवून मोकळा होईल. अडचण एवढीच, की पडद्यावरचे ‘आत्ता’ सर्व्हरच्या दृष्टीने जुने झालेले असते.

समजा, पिंग 80 मिलिसेकंद आहे; म्हणजे संदेशाला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला तेवढा वेळ लागतो. शिवाय सर्व्हरकडून हालचालीची माहिती तुटक तुटक येते. ती सलग दिसावी म्हणून गेम प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम थोडा उशिरा दाखवतो. 2004 च्या काउंटर-स्ट्राइक: सोर्समध्ये हा उशीर मुळात 100 मिलिसेकंदांचा होता. म्हणजे गोळीचा संदेश सर्व्हरवर पोचतो, तेव्हा नेमबाजाने पाहिलेले दृश्य सुमारे 180 मिलिसेकंद जुने असते. चाकू घेऊन पळणारा खेळाडू गेमच्या मापाने सेकंदाला 250 एकके धावतो. तेवढ्या वेळात तो 45 एकके पुढे सरकतो, आणि त्याची रुंदी असते अवघी 32. नेम धरला त्या जागी तो उरलेलाच नसतो.

यावर व्हॉल्व्ह कंपनीने काढलेला उपाय तिथल्या यान बर्नियर यांनी 2001 मध्ये सविस्तर मांडला. सर्व्हर प्रत्येक खेळाडूच्या मागील सुमारे सेकंदभराच्या जागा लक्षात ठेवतो. गोळीचा संदेश आला, की तो इतरांना नेमबाजाला दिसलेल्या जागी क्षणभर मागे नेतो, गोळीची रेषा तपासतो आणि त्यांना पुन्हा जागेवर ठेवतो. यात भिंतीआड पोचलेलाही कधीकधी मारला जातो. तरी हा सौदा योग्यच आहे, कारण नाहीतर पिंग बघून किती पुढे नेम धरायचा, हे प्रत्येकाला शिकावे लागले असते.

मग गोळी वाया का जाते? एक कारण नेटवर्कचे. पाकिटे गहाळ झाली, तर गेम प्रतिस्पर्ध्याची पुढची जागा अंदाजाने दाखवतो. त्याने मध्येच दिशा बदलली असेल, तर पडद्यावरच्या जागी तो कधीच नव्हता. सर्व्हरने काळ कितीही मागे नेला तरी तिथे कुणी सापडत नाही. दुसरे असे, की प्रतिस्पर्ध्याची गोळी सर्व्हरवर आधी पोचून नेमबाज मेला असेल, तर मागून आलेली त्याची गोळी धरलीच जात नाही.

पण पुष्कळदा दोष नेटवर्कचा नसतोच. पळताना किंवा सलग गोळीबार करताना गोळी क्रॉसहेअरच्या मध्यावर न जाता आसपास फेकली जाते. गेमचा तो नियमच आहे. काउंटर-स्ट्राइकच्या सराव-सर्व्हरवर ही कारणे वेगळी काढता येतात. कन्सोलमध्ये पुढील आज्ञा द्यायच्या:

```
sv_cheats 1
sv_showimpacts 1
```

मग खेळाडूच्या कॉम्प्युटरने मानलेला मारा लाल चौकोनांनी दिसतो आणि सर्व्हरने मानलेला निळ्या. दोन्ही एकाच ठिकाणी, पण प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला पडले, तर गोळी खरोखरच चुकलेली असते.