छत्रीची काडी आणि काडीमोड

एका घडीच्या छत्रीची साधी जाहिरात अशी समजा: ‘तीन घड्यांची छत्री. वजन 300 ग्रॅम. एका वर्षात काडी मोडल्यास ती मोफत बदलून मिळेल.’ तिला खुसखुशीत करायला बसलेला लेखक आधी दावे अधोरेखित करतो. घड्या, वजन, मुदत, मोडण्याची अट, फुकट काडी: यातले काहीही हलता कामा नये.

मग तो दुहेरी अर्थाचा शब्द शोधतो, आणि तो या मजकुरातच दडलेला असतो. काडी मोडते तशी लग्नाचीही काडीमोड होते. पहिला झटका असा येतो: ‘वर्षभर काडीमोड नाही!’ वाचायला झकास, पण दावा पार बदलला. मूळ मजकुराने काडी मोडणारच नाही असे कुठे म्हटले होते? मोडल्यास बदलू, एवढेच म्हटले होते. श्लेष नेमका इथेच फसवतो, कारण ओळ आटोपशीर करताना पहिली गळते ती अट.

दुरुस्ती अट परत आणून होते: ‘तीन घड्या, 300 ग्रॅम. वर्षाच्या आत काडीमोड झाली, तर नवी काडी मोफत!’ आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दावे एकेक ताडावेत. पाचही जुळतात.

भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिता उघड विनोदी अतिशयोक्तीला मुभा देते, मात्र ग्राहकाने ती खरा दावा समजून घेऊ नये. ‘काडीमोड नाही’ ही ओळ ग्राहक सहज हमी म्हणून वाचेल, म्हणून ती या सवलतीत बसवणे धोक्याचे.