दुसरी किल्ली

एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी २००१ साली रुजू झालो आणि २०१९ साली निवृत्त झालो. त्या अठरा वर्षांचा हिशेब मांडू लागलो की एक विसंगती प्रथम डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या बँकेच्या तिजोरीची एक किल्ली मुख्य रोखपालाकडे व दुसरी शाखाधिकाऱ्याकडे असे, आणि जेथे एका कारकुनाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीवाचून पास होत नसे, त्याच बँकेत सर्व शाखांची सर्व खाती ज्या डेटाबेसमध्ये साठवलेली होती तो उघडण्यास आम्हां पाच प्रोग्रॅमरांपैकी कोणाही एकाला एकच पासवर्ड पुरेसा होता. आणि तो पासवर्ड आमच्या खोलीतील प्रत्येकाला पाठ होता.

याचा अर्थ आमच्याकडे चाचणीचे यंत्र नव्हते असा नाही. ते होते, पण त्यातील माहिती तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे त्यात नव्या ठेवयोजना नाहीत, नव्या शाखा नाहीत. शाखेतून तक्रार आली की ती चाचणीच्या यंत्रावर उमटतच नसे, आणि मग जो तो नाइलाजाने लाइव्ह डेटाबेसची खिडकी उघडून तेथेच शोध घेई. दोन्ही खिडक्यांचा रंग एक, वापरकर्त्याचे नाव एक, पासवर्डही एक. आमच्या हातून जे घडले त्याचे मूळ कोणाच्या निष्काळजीपणात नसून या शिळ्या माहितीत होते, असे माझे आजही ठाम मत आहे.

१ एप्रिल २०१०पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बचत खात्यांवरील व्याज दररोजच्या शिलकेवर आकारणे सुरू झाले. तोपर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरली जाई. व्याजाचा दर तेव्हा साडेतीन टक्के होता. नवा प्रोग्रॅम दर रात्री त्या दिवसाच्या व्याजाची तरतूद नोंदवी. त्या पावसाळ्यात एका शाखेने व्याजात तफावत असल्याचे कळवले. प्रोग्रॅम दरांच्या तक्त्यातून दर रोज नव्याने वाचतो की जुनाच धरून चालतो, हे पाहण्यासाठी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने, फरक ठळक दिसावा म्हणून, तक्त्यातील ३.५० च्या जागी ३५ घातले. ते त्याने चाचणीच्या खिडकीत घातले अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमाखर्च जुळवणाऱ्या हिशेबनिसांनी मला बोलावले. बचत ठेवी सुमारे ४० कोटींच्या. त्यांवर एका दिवसाची तरतूद ३८ हजारांच्या आसपास यावयाची, ती ३ लाख ८३ हजार झाली होती. आकडा बरोबर दहापट असल्यामुळे दरातच काही झाले असावे हे तत्काळ लक्षात आले. पण तोवर शाखा उघडून दोन तास झाले होते, आणि त्या अवधीत बंद झालेल्या काही खात्यांना फुगलेले व्याज रोखीने अदाही झाले होते. दर पूर्ववत केला, तरतुदीची उलट नोंद घातली, आणि खातेदारांना घरी जाऊन विनंती करावी लागली. मात्र सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच होती. बदल कोणी केला हे डेटाबेसच्या नोंदींवरून सिद्ध होईना, कारण तेथे सर्वांच्या कृत्यांपुढे एकच नाव लागे. त्या तरुणाने स्वतः येऊन सांगितले म्हणून कळले.

आमचा पहिला उपाय फसला. प्रोग्रॅमरांचे बदलाचे अधिकार काढून घेण्याचे आम्ही ठरवले. परंतु आम्ही सर्व ज्या नावाने आत शिरत होतो ते नाव त्या तक्त्यांच्या मालकाचे होते, आणि ओरॅकल डेटाबेसमध्ये मालकाचे स्वतःच्या तक्त्यांवरील अधिकार काढून घेता येत नाहीत. म्हणून प्रथम नावे वेगळी करावी लागली. मालकाचे खाते कुलूपबंद. बँकेचा प्रोग्रॅम दुसऱ्या, मर्यादित अधिकारांच्या खात्याने चालणारा. आणि प्रत्येक प्रोग्रॅमरला स्वतःच्या नावाचे, केवळ वाचनाचे खाते.

```sql
ALTER USER bankowner ACCOUNT LOCK;
GRANT SELECT ON bankowner.rate_master TO dev_read;
```

मालकाचे खाते बंद असले तरी त्याचे तक्ते इतरांना दिलेल्या परवानगीप्रमाणे चालू राहतात. नवा प्रोग्रॅम चढवण्याच्या रात्री तेवढे ते डेटाबेस सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने उघडावयाचे आणि पुन्हा बंद करावयाचे.

मग शिळ्या माहितीचा प्रश्न हाती घेतला. दरमहा लाइव्हची प्रत चाचणीच्या यंत्रावर उतरवू लागलो, आणि पहिल्याच महिन्यात एका चाचणीच्या व्यवहाराचे एसएमएस खऱ्या खातेदारांना गेले. प्रत ही सर्वांगीण प्रत असते. तिच्याबरोबर मोबाइल क्रमांक येतात, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता येतो, दुसऱ्या डेटाबेसकडे जाणारे दुवे येतात, आणि लाइव्हचे पासवर्डही तसेच येतात. तेव्हापासून प्रत उतरल्यावर नावे व क्रमांक बदलणे, दुवे तोडणे व पासवर्ड नवे करणे हे सारे पुरे झाल्याखेरीज ती प्रोग्रॅमरांसाठी खुली होत नसे. शिवाय चाचणीच्या यंत्रावरून लाइव्हपर्यंतची वाटच नेटवर्कमध्ये बंद केली, म्हणजे एखादा पत्ता बदलावयाचा राहिला तरी जोडणी होऊ नये.

तरीही खऱ्या दुरुस्त्या उरतातच. शाखेने चुकीच्या योजनेत उघडलेली ठेव सोमवारी सकाळी दुरुस्त व्हावीच लागते, आणि तिच्यासाठी सरळ मार्ग नसेल तर माणसे आडवाट शोधतात. म्हणून चिठ्ठीचा शिरस्ता पाडला. प्रोग्रॅमरने दुरुस्तीचा आदेश व बदलणाऱ्या ओळींची अपेक्षित संख्या लिहावी. तो आदेश आधी चाचणीवर चालवावा. मग लाइव्हवर दुसऱ्याने चालवावा, आणि संख्या जुळली तरच `COMMIT`, नाही तर `ROLLBACK`. वर्षभराच्या चिठ्ठ्या वाचल्यावर दिसले की बहुतेक तीन-चार प्रकारच्याच होत्या. त्या प्रकारांसाठी आम्ही प्रोग्रॅममध्येच स्क्रीन बनवली, जिच्यावर एकाने नोंद घालावी व दुसऱ्याने पास करावी. त्यानंतर चिठ्ठ्यांचा ओघ आटला.

अपरात्रीच्या निकडीसाठी सर्वाधिकाराचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात ठेवला होता. ही व्यवस्था नासते ती हळूहळू: पाकीट उघडले जाते, पुन्हा चिकटवले जाते, आणि पासवर्ड तोच राहतो. पाकिटाच्या नोंदवहीत ज्या तारखा नाहीत त्या तारखांना त्या खात्याने कोणी आत आले का, एवढे दरमहा ताडून पाहिले की हे उघडकीस येते. आमच्याकडे एकदा आले.

या सर्व बंदोबस्ताची मर्यादा मला २०१७ साली उमगली. त्या वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने, ज्याला लाइव्हवर काम करण्याचा रीतसर अधिकार होता, दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसचीच माहिती पुसली. नेहमीचा बॅकअप निकामी निघाला. वाचवले ते सुमारे सहा तास आधी चाचणीच्या व्यवस्थेत माहिती भरण्यासाठी घेतलेल्या प्रतीने. मधल्या तासांतले गेलेच. ज्याच्या हाती किल्ली असणे रास्तच आहे त्याच्या गल्लतीपुढे प्रवेशाची विभागणी थिटी पडते. त्या कंपनीने नंतर हाती घेतलेल्या सुधारणांत प्रत्येक यंत्राची खिडकी दिसण्यात स्पष्ट वेगळी करणे हे एक काम होते. ते वाचल्यावर आम्हीही लाइव्हची खिडकी तांबडी केली.

निवृत्तीच्या आठवड्यात मी माझी शेवटची चिठ्ठी लिहिली. एका खात्यातील वारसाचे नाव दुरुस्त करावयाचे होते. चिठ्ठ्या चालवण्याचे काम तेव्हा ज्याच्याकडे होते, त्यानेच २०१०च्या पावसाळ्यात ३.५० चे ३५ केले होते. ओळींची अपेक्षित संख्या लिहिलेली नाही म्हणून त्याने चिठ्ठी मला परत केली. मी '१' लिहून सही केली, आणि मग त्याने ती चालवली.