नव्वद सेकंदांची डाळ

महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात तुरीची डाळ मुंबईपेक्षा उशिरा शिजते. ही एवढी एकच गोष्ट समजावणारा 90 सेकंदांचा व्हिडिओ करायचा होता आणि त्याचं निवेदन मी लिहीत होते. सावकाश, मध्ये श्वास घेत मराठी बोललं तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. म्हणजे माझ्या हाती जेमतेम 170 शब्द होते. त्यातले तीसेक प्रश्न मांडायला, तीसेक शेवटच्या उजळणीला आणि उरलेले उलगड्याला, अशी मी वाटणी केली.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात बाष्पदाब आणि वातावरणाच्या दाबाच्या व्याख्येने झाली होती. त्यात चूक काहीच नव्हती, पण ऐकणाऱ्याला अजून प्रश्नच पडलेला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण लक्षात ठेवतो? मग मी सुरुवात बदलली: ‘डाळ तीच, पातेलं तेच, गॅसही तेवढाच मोठा. मुंबईत ही डाळ शिजून मऊ झाली. महाबळेश्वरला तेवढ्याच वेळात दाणा अजून बोटाला कडक लागतोय. असं का?’ इथे एकही नवा शब्द नाही. डाळ, पातेलं आणि गॅस सारखेच आहेत हे मुद्दाम सांगितलं, नाहीतर ऐकणारा मनात ‘डाळ जुनी असेल’ म्हणून मोकळा होतो. आणि प्रश्न एकच ठेवला. ‘का, आणि मग उपाय काय?’ असं विचारलं की मधल्या भागाला दोन तोंडं फुटतात.

मधल्या भागासाठी मला एक चित्र हवं होतं. हवेला वजन असतं आणि ती पाण्यावर अदृश्य झाकणासारखी दाब देत असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे. तिथे डोक्यावर हवा कमी, म्हणून झाकण हलकं. वाफेचे बुडबुडे लवकर उसळी घेतात आणि मुंबईत 100 अंशांना उकळणारं पाणी तिथे 95 अंशांच्या आसपासच उकळतं.

हे मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, पाणी लवकर उकळतं, मग डाळही लवकर शिजायला हवी की!”

तिचं बरोबर होतं, कारण एक पायरी मी लिहिलीच नव्हती. पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचा ताप तिथेच थांबतो. गॅस कितीही मोठा करा, जास्तीची आच वाफ होऊन उडून जाते, पाणी आणखी तापत नाही. मला ते इतकं सवयीचं होतं की सांगायचं राहून गेलं. पण बहुतेकांच्या मनात खळखळ उकळणं म्हणजे भरपूर तापणं असतं आणि सगळी गाठ तिथेच आहे. मग मी झाकणाची दोन वाक्यं उडवली आणि जागा या पायरीला दिली. ‘उत्कलनबिंदू’ हा शब्द त्यानंतर, एकदाच आला. तोवर त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या हाती पडलेला होता.

निवेदनात मी ‘पंचाण्णव’ अक्षरांत लिहिलं, म्हणजे वाचणारा अडखळत नाही. पडद्यावर मात्र थर्मामीटरचं चित्र आणि आकडा एवढंच ठेवलं. बोललेलं वाक्य शब्दशः पडद्यावर उमटलं की डोळे वाचत बसतात, कान मागे पडतात आणि चित्राकडे कुणी बघत नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी मथळे लागतात, ते प्रत्येकाला हवे तेव्हा चालू-बंद करता येतील असे द्यावेत.

उजळणीत मला कुकर आणायचा मोह झाला होता. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी 120 अंशांपर्यंत तापतं आणि डाळ झटपट शिजते. पण शेवटच्या 15 सेकंदांत नवी गोष्ट आली की ऐकणारा पुन्हा विचारात पडतो आणि आत्ता समजलेलं निसटतं. कुकर मी पुढच्या व्हिडिओसाठी ठेवला. उजळणी सुरुवातीच्याच शब्दांत परत आली: ‘महाबळेश्वरला दाणा कडक का राहिला? वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी पंचाण्णव अंशांनाच उकळलं. एकदा उकळल्यावर ते त्यापुढे तापलं नाही. कमी तापलेल्या पाण्यात डाळीला जास्त वेळ लागला.’ कारणांचा क्रम तोच ठेवला, फक्त झाकणाची उपमा गाळली, कारण तिचं काम झालं होतं.

मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचलं, तर 97 सेकंद झाले. सात सेकंद मधल्या भागातल्या विशेषणांतून काढले. मग मावशीला पुन्हा ऐकवलं आणि ‘समजलं का?’ असं न विचारता म्हटलं, “आता तू मला सांग.” तिने दाब, उकळणं, ताप थांबणं आणि डाळ या क्रमाने सांगितलं, आणि शेवटी विचारलं, “मग तिथे गॅस मोठा ठेवून उपयोग नाही ना? उकळी आल्यावर बारीक केला तरी चालेल?”