फोटोतला तक्ता आणि हरवलेले १३ एमईव्ही

मागच्या भागानंतर एका विद्यार्थिनीने मला पुस्तकातल्या तक्त्याचा फोटो पाठवला. लोह-५६ ची प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा तिला ८.५५ एमईव्ही येत होती आणि पुस्तकात उत्तर होतं ८.७९. तीन वेळा गणित करूनही तेच. "सर, पुस्तक चुकलंय का?"

पुस्तक बरोबर होतं. फोटोत तक्त्याचा मथळा कापला गेला होता, आणि घोळ तिथेच होता. लोहासमोर ५५.९३४९३६ u लिहिलं होतं. हे वस्तुमान अख्ख्या अणूचं की नुसत्या केंद्रकाचं?

मथळा नसेल तर कार्बन-१२ ची ओळ बघा. u हे एकक त्याच अणूवरून ठरलं आहे. तिथे नेमके १२.०००००० दिसले तर तक्ता अणूंचा. केंद्रकांचा असता तर सहा इलेक्ट्रॉन वजा होऊन ११.९९६७०९ दिसलं असतं. फोटोत १२.०००००० होतं.

म्हणजे लोहाच्या आकड्यात २६ इलेक्ट्रॉन आहेत. तिने मात्र बेरजेत नुसते प्रोटॉन (१.००७२७६ u) घेतले होते. एका बाजूला इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला नाहीत. उपाय सोपा आहे: प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचा अणू घ्या, म्हणजे दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन आपोआप कटतात.

आता माझ्याबरोबर करा.

२६ × १.००७८२५ = २६.२०३४५०
३० × १.००८६६५ = ३०.२५९९५०
बेरीज = ५६.४६३४०० u
वस्तुमान-तूट = ५६.४६३४०० − ५५.९३४९३६ = ०.५२८४६४ u

आता एकक बदलू. १ u म्हणजे १.६६०५४ × १०⁻²⁷ किलोग्रॅम. त्याला c² ने गुणलं की १.४९२४ × १०⁻¹⁰ ज्यूल मिळतात. १ एमईव्ही म्हणजे १.६०२१८ × १०⁻¹³ ज्यूल. त्याने भागलं की ९३१.४९ एमईव्ही. हा ९३१.४९ असा येतो, पाठ करायची गरज नाही.

०.५२८४६४ × ९३१.४९ = ४९२.२६ एमईव्ही. भागिले ५६, उत्तर ८.७९.

तिची एकूण बंधनऊर्जा ४७८.९७ आली होती. फरक १३.२९ एमईव्ही. एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा ०.५११, तिला २६ ने गुणा, नेमके तेच १३.२९. फरक अणुक्रमांकाच्या पटीत आला की ओळखायचं, इलेक्ट्रॉन सुटलेत.

फोटोवरून गणित करताना अजून एक सांभाळा. अंधुक ३ हा ८ वाटला आणि ५५.९८४९३६ लिहिलं, तर उत्तर ७.९६ येतं. लोहाच्या आसपासची केंद्रकं ८.७ ते ८.८ च्या दरम्यान असतात. तिथे ७.९६ दिसलं की गणित पुन्हा करण्याआधी फोटो मोठा करून आकडा बघा.

आणि वजाबाकी होईपर्यंत एकही दशांश गाळू नका. तिसऱ्या दशांशातला एक म्हणजे जवळजवळ एक एमईव्ही.